अडलेलं मूल आणि हळू मूल

हळदीकुंकवाला मी दारातून आत शिरले की दोन-तीन आया तरी आपापल्या पोरांना बेसमेंटमध्ये पिटाळायच्या. "जा रे, खाली खेळा सगळे." मी कोट काढून हुकाला लावेपर्यंत वरच्या खोलीत एक मूल शिल्लक नसायचं. मी काही चेटकीण नव्हते. अमेरिकेत, प्रिन्स्टन जंक्शनजवळच्या एका गावात शाळेची सायकॉलॉजिस्ट होते, एवढाच माझा गुन्हा. पण आमच्या मंडळींना वाटायचं, ही बाई वाण घेता घेता आपल्या पोराची बुद्धी मोजून जाईल. अहो, मला घरी येऊन बटाट्याचा रस्सा करायचा असायचा, तुमच्या पोरांची बुद्धी मोजायला वेळ कुणाला होता!

तरी मी जायचे. घरी बोलायला कोण होतं? नवरा कधीच पुण्याला परत गेला होता, त्याला हा देश मानवला नाही आणि मला तो. मुलगा कॉलेजला टेक्सासमध्ये. रविवारी फोन करायचा, "आई, ऑल गुड?" म्हणायचा आणि मी "ऑल गुड" म्हटलं की सुटायचा. मराठी कानावर पडावं म्हणून मी महाराष्ट्र मंडळात जायचे, आणि तिथे माझ्याभोवती जरा मोकळी जागा ठेवून सगळ्या बोलायच्या. वाईट वाटायचं. पुढच्या वेळी नाहीच जायचं असं ठरवायचे आणि पुन्हा साडी नेसायचे.

त्यातली एक बाई मात्र माझ्याशेजारी येऊन बसायची. नागपूरची, पस्तिशीची, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, पदरात एक मुलगी आणि एक तान्हा मुलगा. मला ताई म्हणायची. तिला तिच्या मुलीबद्दल बोलायचं असायचं. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत, आमच्याच शाळेत. गणपतीत त्या पोरीने अख्खं अथर्वशीर्ष म्हटलं होतं, एकाही ठिकाणी न अडखळता, आणि टाळ्या पडल्या होत्या. "अन् ही मुलगी गणितात नापास होते ताई! टीचर म्हणते, शी इज फॉलिंग बिहाइंड. असं कसं? जिला अथर्वशीर्ष येतं ती ढ कशी असेल?" मी म्हटलं, "ढ हा शब्द मी शाळेत कुणालाही वापरू देत नाही. तूही वापरू नकोस." ती हसली. मला ती आवडायची.

मुलीला काय झालंय, हे तिने आधीच ठरवून टाकलं होतं. कारण मंडळातल्याच दुसऱ्या एका बाईचा मुलगा. तो चौथीतला. आदल्या वर्षी मीच त्याची तपासणी केली आणि त्याला लर्निंग डिसॅबिलिटी आहे, म्हणजे शिकण्यातली एकच वाट अडलीय, असं निघालं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगणं शक्यच नव्हतं, पण त्याच्या आईनेच फोनवरून साऱ्या गावाला सांगितलं. त्या मुलाला एक ओळ वाचायला दिली की घाम फुटायचा. शब्दाचं पहिलं अक्षर बघायचा आणि पुढचं अंदाजाने ठोकून द्यायचा. पण तोच धडा आपण मोठ्याने वाचून दाखवला की पोरगा असे प्रश्न विचारायचा की बाईंनी पाणी मागावं. गणित तोंडी पटापट, तेच वाक्यात लिहून दिलं की ठप्प. त्याला शाळेने वाचन शिकवणारी खास बाई दिली. ती अक्षरांचे आवाज सुटे करून, एकेक पायरी चढवत शिकवायची. पुस्तकं कॅसेटवर ऐकायला दिली, परीक्षेत जास्त वेळ दिला. वर्षभरात पोरगा वाचायला लागला आणि आईचा चेहरा उजळला. "हुशारच होता हो, फक्त डिस्लेक्सिया होता," असं ती सांगत फिरायची.

फक्त डिस्लेक्सिया! आमच्या लोकांना हा शब्द फार आवडला. त्यात पोर हुशार असल्याची हमीच मिळते. मग नागपूरच्या बाईलाही तोच शब्द हवा झाला. तिने शाळेला तपासणीसाठी पत्र दिलं, वर्गशिक्षिकेनेही दुजोरा दिला, आणि फाइल आमच्या तपासणीच्या टीमकडे आली. मी वरिष्ठांना सांगितलं, या कुटुंबाशी माझी ओळख आहे, दुसऱ्या कुणाला द्या. ते म्हणाले, मुलीच्या घरी मराठी बोलतात, मराठी येणारी सायकॉलॉजिस्ट या भागात तू एकटीच, दुसरी आणायची कुठून? आली फाइल माझ्या गळ्यात.

पहिल्यांदा मी तिला वर्गात जाऊन बघितलं. मागच्या बाजूला लहान खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. टीचरने तीन गोष्टी एकदम सांगितल्या: वही काढा, मागचं पान उघडा, पहिली पाच गणितं करा. मुलीने वही काढली आणि नीट टेबलावर ठेवून हसतमुखाने वाट बघत बसली. शेजारचीने पान उघडून दिलं. वाचनाच्या तासाला तिने मोठ्याने वाचलं, आणि काय स्वच्छ वाचलं! आईने रोज घोटून घेतलं होतं ते दिसतच होतं. टीचरने विचारलं, मग तो कुत्रा घर सोडून का गेला? मुलीने तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. मधल्या सुट्टीत ती दुसरीतल्या मुलींबरोबर खेळत होती आणि मजेत होती. त्या चौथीतल्या मुलाच्या अगदी उलट चित्र होतं हे. मला तिथेच शंका आली, पण शंकेवर अहवाल लिहीत नाहीत.

मग तपासणीचा दिवस. माझ्या खोलीत आली, मला मावशी म्हणाली, पाय हलवत बसली. पहिलं काम दोन रंगांच्या ठोकळ्यांचं. चित्रात आहे तशी नक्षी ठोकळ्यांनी मांडायची. माझी सूचना पुरी व्हायच्या आत तिने पहिली नक्षी लावली. दुसरी, तिसरी, झपाझप. मी चकितच झाले. मग जरा वेगळं चित्र आलं. तिने त्याकडे पाहिलंही नाही, मघाचीच नक्षी पुन्हा मांडली आणि माझ्याकडे बघून हसली. पुढचं काम होतं दोन गोष्टींत सारखं काय ते सांगायचं. मी पहिली गोष्ट उच्चारली तोच ती म्हणाली, "बोथ आर फ्रूट्स!" मी अजून दुसरी गोष्ट सांगितलीही नव्हती. पुढच्या प्रश्नाला, "बोथ यू कॅन वेअर!" तो प्रश्न कपड्यांचा नव्हताच.

मी पेन्सिल खाली ठेवली आणि मराठीत विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं गं?"

"आईने. रोज करतो आम्ही. तिने ठोकळे आणले, रेड अँड व्हाइट. शी सेड मावशी विल आस्क."

मी तिथेच तपासणी थांबवली. तिला स्टिकर दिला, वर्गात पोचवलं, आणि परत येऊन खोलीचं दार जरा जास्तच जोरात लावलं. कळलं मला काय झालं ते. आपल्याकडे परीक्षा आली की आधी काय करतात? मागच्या वर्षीचे पेपर मिळवतात. दहावीला मिळवले, इंजिनिअरिंगला मिळवले, व्हिसाच्या इंटरव्ह्यूला काय विचारतात तेही एकमेकांकडून उतरवून घेतलं. तसंच या बाईने चौथीतल्या त्या मुलाला खाऊ देऊन विचारलं असणार, तुला आत काय काय विचारलं रे? आणि त्याची स्मरणशक्ती होतीच मुळात चांगली. सगळा पेपर फुटला होता.

आमच्या टीममध्ये लर्निंग कन्सल्टंट म्हणून एक वयस्क अमेरिकन बाई होती. मुलं वाचन, लेखन, गणितात कुठे आहेत ते ती तपासायची. स्वभावाने देवमाणूस, निवृत्तीला टेकलेली. मी तिला सगळं सांगितलं. ती चहाची पिशवी कपात बुडवत म्हणाली, "पूर्ण कर ना ती तपासणी. जे आकडे येतील ते लिही."

तिला काय म्हणायचं होतं, ते मला लगेच कळलं. आमच्या शाळेत त्या काळी हिशेब असा होता: मुलाची बुद्धी एका पातळीवर आणि वाचन किंवा गणित त्याच्या पुष्कळ खाली, असा मोठा फरक दिसला की लर्निंग डिसॅबिलिटी. नवीन कायद्याने नुकतंच सांगितलं होतं की या फरकावरच अडून बसायची सक्ती नको, पण आमच्याकडे अजून तोच चालायचा. मुलीची घोकलेली उत्तरं धरली असती तर बुद्धीचा आकडा वर गेला असता, गणित आणि वाचलेलं समजणं खाली होतंच, आणि मधे हवा तेवढा फरक पडला असता. म्हणजे तिला डिसॅबिलिटीचा शिक्का लागला असता, कायद्याने बांधलेला आराखडा मिळाला असता, जास्त वेळ, वेगळा तास, सगळं.

"आणि खरे आकडे आले तर?" मी विचारलं, उत्तर माहीत असून.

"तर तिला काहीच मिळणार नाही," ती म्हणाली. "हळू शिकणाऱ्या मुलांसाठी कायद्यात खणच नाही. मतिमंद म्हणावं इतकी ती खाली नाही, आणि फरक दाखवावा इतकी वर नाही. मी तीस वर्षं अशी मुलं दोन खुर्च्यांच्या मधे पडताना बघते आहे. एखादीला ढकलून खुर्चीवर बसवलं तर काय बिघडलं?"

ती वाईट बोलत नव्हती. म्हणूनच मला झोंबलं. त्या आठवड्यात मी शाळेतून घरी यायचे आणि कोट न काढता खुर्चीत बसून राहायचे. याबद्दल बोलणार कुणाशी? मंडळात तोंड उघडायची सोय नाही, मुलाला सांगितलं असतं तर "मॉम, जस्ट डू युवर जॉब" म्हणाला असता. आयुष्यात इतकं एकटं मला नवरा पुण्याला निघून गेला तेव्हाही वाटलं नव्हतं.

शनिवारी बाई स्वतःच घरी आली. तपासणी थांबवल्याचं मुलीने सांगितलं होतं. डब्यात पुडाच्या वड्या आणल्या होत्या. तिला वाटलं, मुलगी घाबरली म्हणून थांबवली. मी ठोकळ्यांचं विचारलं तर लपवालपवी नाही, सरळ म्हणाली, "हो, करून घेतलं ना प्रॅक्टिस. शेवटी परीक्षाच आहे ना ताई? तुमच्यासमोर तिची फजिती नको व्हायला."

मी भडकले. "परीक्षा नव्हे बाई ती! डॉक्टरकडे जायच्या आधी ताप उतरवायची गोळी देतेस का? मग तो डॉक्टर थर्मामीटर लावून काय बघणार, कपाळ?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला माझ्या जिभेचा राग आला, पण शब्द गेले ते गेले. मी चहा टाकला. मग समजावून सांगितलं, जितकं त्या क्षणी सांगणं योग्य होतं तितकं. "हे बघ. तुझ्या मैत्रिणीच्या मुलाच्या घरातले सगळे नळ धो धो वाहतात, एक तेवढा तुंबलाय. तो साफ करायचा, संपलं. पण काही घरांत सगळ्याच नळांची धार बारीक असते. कुठेच तुंबलेलं नसतं. तिथे बादली भरते, पण वेळ लागतो. तिथे प्लंबर बोलवून काय करणार? तिथे एकच करायचं, अर्ध्यावर बादली ओढून न्यायची नाही."

"म्हणजे माझी मुलगी..."

"मला अजून माहीत नाही. म्हणून तर नीट बघू दे. पुढच्या वेळी घरी काहीही घोटून घेऊ नकोस. हात जोडते."

तिने वड्यांचा डबा तिथेच ठेवला आणि गेली.

मी वेगळी चाचणी निवडली, त्या मुलाने कधी न पाहिलेली, वेगळ्या वस्तूंची. काही भाग मराठीतून केले. तेही महत्त्वाचं होतं: इंग्रजी कमी पडतंय म्हणून मूल मागे असेल तर ती गोष्टच निराळी, तिला डिसॅबिलिटीही म्हणायचं नाही आणि हळूही म्हणायचं नाही. पण ती मराठीतही तशीच होती. गोष्ट ऐकली की शेवटचं वाक्य सांगायची, मधलं सुटायचं. सवय झाल्यावर तिला जमायचं, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा समजावलं की चेहरा खुलायचा. सगळ्याच कामांत साधारण एकाच उंचीवर, सरासरीच्या थोडं खाली. खूप खाली नाही. शब्द वाचणं तेवढं आईच्या मेहनतीने जरा वर. आणि घरचं विचारलं तर पोरगी ताटं मांडते, धाकट्याला झोपवते, आपली अंघोळ-वेणी आपली करते, शेजारच्यांकडे निरोप बरोबर पोचवते. म्हणजे मतिमंदही नव्हेच. ती हळू होती. सगळीकडे, सारखीच, आणि अगदी निरोगी.

मी खरं लिहिलं.

मीटिंगला आई, वडील, टीचर, कन्सल्टंट, सोशल वर्कर आणि मी. मी इंग्रजीत सांगितलं, मग आईकडे वळून मराठीत.  वडील पहिल्यांदा बोलले ते मराठीत, म्हणजे फक्त मला कळावं म्हणून. "इतकी माणसं बसलीयत इथे. त्यातल्या तुम्ही एकट्या आपल्या. अन् तुम्हीच आमच्या मुलीला स्लो म्हणता? त्या मुलाला सगळं दिलंत, आमच्या मुलीला काहीच नाही?"

मी म्हटलं, "त्याला जे दिलं ते तिला देऊन उपयोग नाही. वेगळ्या तासाला नेऊन तिला अक्षरांचे आवाज शिकवतील. ते तिला येतात. तेवढ्यात वर्गातला गणिताचा तास बुडेल. आणि मग सगळे वाट बघत बसतील, की आता अडथळा निघाला, आता ही धावेल. ती धावणार नाही. मग म्हणतील आळशी आहे, लक्ष देत नाही. दर वर्षी म्हणतील. खोटा आकडा तिच्या बोकांडी बसेल."

"पण कागदावर तरी हक्क राहील ना!"

 त्यांचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं, आणि मधे ती पोर. ते उठून गेले. आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

पण मी तिला वाऱ्यावर सोडणार नव्हते. शाळेत साध्या वर्गातल्या मुलांच्या अडचणी सोडवायला शिक्षकांची एक समिती असते, तिच्याकडे जायला डिसॅबिलिटीचा शिक्का लागत नाही. मी त्या समितीच्या डोक्यावर बसले. टीचरशी बसून एकेक गोष्ट ठरवली. उद्याचा धडा आदल्या दिवशी थोडक्यात तिला ऐकवायचा, म्हणजे वर्गात तो दुसऱ्यांदा होईल. एका वेळी एकच सूचना. वीस गणितांऐवजी सहा, पण ती मण्यांनी मांडून, हाताने हलवून, मग चित्र काढून आणि शेवटी आकड्यांत. आणि मागचं शिकवलेलं दर आठवड्याला पुन्हा, कारण तिचं न उजळलेलं पुसलं जायचं. कमी मार्कांच्या मुलांसाठी शाळेत गणित-वाचनाचा एक जादा तास असायचा, त्यात तिचं नाव घातलं. टीचर तरुण होती, मनापासून करायची, आणि पुढच्या वर्षी चौथीलाही तीच आली. या सगळ्याला कायद्याचा आधार काही नव्हता. टीचर चांगली, म्हणून चाललं. दुसरी असती तर कपाटात गेलं असतं.

मंडळात मात्र बातमी पोचली. काय पोचली देव जाणे, पण त्या संक्रांतीला मला बोलावणं आलं नाही. पुढच्या गणपतीलाही नाही. किराणा दुकानात दोघीजणी मला बघून डाळीच्या ओळीतून मसाल्याच्या ओळीत वळल्या. चौथीतल्या मुलाची आईसुद्धा फोन उचलेना, हिचं काय बिघडवलं होतं मी! मी फाइलमधलं अवाक्षर कुणाला सांगू शकत नव्हते, म्हणजे स्वतःची बाजूही सांगू शकत नव्हते. माझी भाषा मी घरात भांडी घासताना स्वतःशीच बोलायचे. एकदा दुधाच्या पातेल्याला मी "अगं, उतू नको जाऊ" म्हटलं आणि माझाच आवाज ऐकून रडू आलं.

पोरगी मात्र मला शाळेच्या व्हरांड्यात भेटायची. "मावशी, आय गॉट सिक्स!" सहाच गणितं, सहाही बरोबर. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि पुढे जायचे, जास्त बोलून चालायचं नाही. चौथीच्या अखेरीला ती वर्गाच्या मागेच होती, पण तिचं-तिचं पुढे सरकली होती. तो कुत्रा घर सोडून का गेला, ते आता दोनदा वाचल्यावर सांगायची. आईला रिपोर्ट कार्ड जात होतं. तिने एकदाही फोन केला नाही.

मग एका संध्याकाळी तिचा फोन आला. वर्षाहून जास्त काळ लोटला होता. "ताई, आम्ही पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला चाललो. ह्यांना तिकडे जॉब मिळाला. एकदा याल का?"

दिवाणखान्यात खोकी रचलेली, मधे दोन घडीच्या खुर्च्या. मुलगी वर भावाला गोष्ट सांगत होती, तिचा आवाज खाली येत होता. आईने मला चहा दिला आणि लगेच मुद्द्यावर आली. "तिकडच्या शाळेत तिला हे सगळं मिळेल?"

"नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "डिसॅबिलिटीचा आराखडा असता तर तो तुमच्याबरोबर गेला असता, नव्या शाळेला मानावा लागला असता. हे आमच्या समितीचं आहे. त्यांनी मनावर घेतलं तर ठीक."

तिने आपला कप खोक्यावर ठेवला. "म्हणजे तेव्हा तुम्ही माझ्या ठोकळ्यांचा आकडा धरला असता, तर आज तिला हक्काने मिळालं असतं."

"हो. मिळालं असतं."

मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार. खरं सांगते, काढलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं.

"काय मिळालं असतं पण?" ती म्हणाली. "पुन्हा आवाजच शिकवले असते ना तिला. क कशाचा, ख कशाचा." मग पुढे म्हणाली, "मागच्या महिन्यात मीच तिला गुणाकार शिकवला ताई. वाटाणे मांडून. अकरा दिवस एकच. माझी चिडचिड झाली, पण मी पुढचं पान उघडलं नाही. अन् आला तिला. तो मंडळातला मुलगा असता तर त्याला अकरा दिवस वाटाणे देऊन मी त्याला मारूनच टाकलं असतं कंटाळ्याने."

 दोन वर्षं मी ज्यावर डोकं फोडत होते ते तिने वाटाण्यांवर शिकून घेतलं होतं.

"आता मला तिकडे बोलायचंय," ती म्हणाली. "तुम्ही तिकडची टीचर व्हा. मी बोलते. चुकलं तर सांगा." आणि खुर्ची ओढून समोर बसली, हात मांडीवर ठेवून. मी टीचर झाले. तोंड वाकडं करून इंग्रजीत विचारलं, "सो, इज शी डिस्लेक्सिक?"

"नो. माय डॉटर इज अ स्लो लर्नर. इन ऑल सब्जेक्ट्स." पहिल्यांदा म्हणताना तिचा आवाज फुटला.  ती पाणी प्यायली आणि तिने पुन्हा म्हटलं. "शी कॅन रीड. डू नॉट टीच हर साउंड्स. टेल हर वन थिंग. टेल हर अगेन. गिव्ह हर टाइम, डोन्ट गिव्ह हर मोअर वर्क." तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तिने माझ्या डोळ्यांत बघून म्हटलं, आणि 'स्लो' वर आवाज जराही खाली गेला नाही. मी नवीन टीचर असते तर ऐकलं असतं.

निघताना तिने मला मिठी मारली नाही, आपल्याकडे ते तसं जमतही नाही. दाराशी हळदीकुंकू लावलं आणि सवयीने म्हणाली, "येत जा ताई." मग तिच्याच लक्षात आलं की आता कुठे येणार.

मी गाडीत बसले. एवढ्या गावात माझं म्हणणं समजलेलं एकच माणूस होतं, आणि सकाळी त्यांचं सामान न्यायला ट्रक येणार होता.